चकाकीखाली लपलेला आकडा

जातीच्या दाखल्याचे अर्ज भरून देताना आमच्याकडे हल्ली कागद कमी आणि मोबाईलवरचे फोटोच जास्त येतात. एका मुलीने आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याचा फोटो पाठवला. दाखला लॅमिनेट केलेला, फोटो रात्री फ्लॅश मारून काढलेला. शाळाप्रवेशाच्या सालावर नेमका पांढरा डाग! १९, मग चकाकी, मग ८. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा रहिवास दाखवावा लागतो. साल १९४८ असेल तर कागद कामाचा, १९५८ असेल तर नाही. अंदाजाने ४ लिहिणे सोपे. पण पडताळणीत मूळ दाखला समोर येतोच.

नुसते “फोटो नीट नाही” म्हटले, तर माणूस तसाच फोटो पुन्हा पाठवतो. म्हणून आम्ही कळवले, “नाव, गाव, रजिस्टर नंबर वाचला. प्रवेशाच्या सालातला तिसरा अंक चकाकीमुळे दिसत नाही. ४ की ५, सांगता येत नाही.”

तिरका फोटो थोडाफार सरळ करता येतो. लांबच्या कडेची अक्षरे तेवढी बारीक, पुसट राहतात. चकाकीखाली मात्र फोटोत अक्षर उमटलेलेच नसते. तेव्हा फ्लॅश बंद करावा, दिवसा खिडकीशी बसून उजेड बाजूने घ्यावा, मोबाईल कागदावर सपाट धरावा. तरी डाग राहिलाच तर कागद किंचित कलवून दुसरा फोटो काढावा, डाग सरकतो.

मुलीच्या दुसऱ्या फोटोत ४ स्वच्छ दिसला. शिक्का मात्र मूळ कागदावरच पुसट होता. तेही तिला तसेच सांगितले, आणि शाळेतून रजिस्टरचा उतारा आणायला लावला.