जपानी दवाखान्यातला फॉर्म

जपानमध्ये पहिल्यांदा डॉक्टरांकडे गेलं की हातात मोन्शिनह्यो, म्हणजे आजाराची प्रश्नावली, येते. मोबाइलमधलं अ‍ॅप भाषांतर फॉर्मच्या फोटोवरच चिकटवतं, तेव्हा त्याखाली चौकोन झाकले जातात आणि कुठला शब्द कुठल्या चौकोनाचा हेच कळत नाही. म्हणून मूळ फोटोवर प्रत्येक रकान्याला क्रमांक द्यावा आणि त्याच क्रमांकाने अर्थ वेगळ्या कागदावर लिहावा. प्रत्येक पर्यायापुढे खूण कशी करायची, तेही नोंदवावं: चौकोन असेल तर टिक, पण पर्याय नुसत्या टिंबाने वेगळे केले असतील तर हव्या त्या शब्दाभोवती गोल.

खरी फसगत जन्मतारखेत होते. रकान्यात अनेकदा आधी शोवा, हेइसेई, रेइवा अशी सम्राटांच्या कालखंडांची नावं असतात. जन्म १२ मार्च १९९० चा असेल, तर हेइसेईला गोल करायचा आणि १९९० मधून १९८८ वजा करून वर्ष २ लिहायचं. शोवासाठी १९२५ वजा करायचे. भाषांतरात नुसतं ‘वर्ष’ दिसतं आणि माणूस तिथे बिनदिक्कत ९० लिहून मोकळा होतो! क्रम मात्र वर्ष, महिना, दिवस.

औषधाच्या अ‍ॅलर्जीचा पर्याय यंत्राच्या भरवशावर निवडू नये. तो स्वागतकक्षात बोट ठेवून विचारावा.