धाकट्या पातीचा वाटा आणि कंपनी न्यायाधिकरण

समजा, राळेगावातील एका जिनिंग-प्रेसिंगच्या पिढीजात पेढीची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी झाली आहे. भागधारक आठ, सारे घरचेच. धाकट्या पातीच्या एकाकडे वीस टक्के भाग. त्याला संचालक मंडळातून काढले गेले, लाभांश थांबला आणि सरकी कमी भावाने थोरल्या पातीच्या तेलगिरणीला जाऊ लागली. त्याने दाद कोठे मागावी?

कंपनी कायदा २०१३ च्या कलम २४१ नुसार दडपशाही व गैरकारभाराची तक्रार राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे होते. कलम २४४ चा उंबरठा असा, की अर्जदाराकडे एकूण भागभांडवलाचा दहावा हिस्सा तरी असावा, किंवा शंभर अथवा एकूण सभासदांच्या एकदशांश, यांपैकी कमी असेल तेवढे सभासद अर्जात असावेत. आठ सभासदांच्या कंपनीत एकटाही पुरतो.

टाटा सन्समध्ये मात्र मिस्त्री कुटुंबाच्या कंपन्या याच उंबरठ्यावर अडखळल्या. सामान्य भागांत त्यांचा वाटा १८.३७ टक्के होता. पण प्राधान्य भाग धरता एकूण भांडवलात तो तीन टक्क्यांहूनही कमी भरला. अखेर सप्टेंबर २०१७ मध्ये अपील न्यायाधिकरणाने ती अट शिथिल केली.

खरी कसोटी पुढची. कलम २४२ नुसार अन्यायाचे वर्तन सिद्ध होणे पुरेसे नाही. कंपनी गुंडाळणेच न्याय्य ठरावे इतकी परिस्थिती बिघडलेली असावी. शिवाय गुंडाळल्याने अर्जदाराचेच नुकसान होणार असावे. अपील न्यायाधिकरणाने १८ डिसेंबर २०१९ रोजी सायरस मिस्त्रींना पुन्हा अध्यक्षपदी बसविण्याचा आदेश दिला. मिस्त्रींनी ते पद मागितलेलेही नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने २६ मार्च २०२१ रोजी तो निर्णय रद्द केला. केवळ अध्यक्ष वा संचालकपदावरून दूर करणे म्हणजे सभासदावरील दडपशाही नव्हे, हे त्यातले मर्म.

मग राळेगावच्या धाकट्याचे काय? त्याची कंपनी नावापुरती कंपनी, वस्तुतः परस्परविश्वासावरची भागीदारी असेल, तर संचालकपद जाणे अधिक गंभीर ठरू शकते. टाटा सन्स तशी नाही, असे न्यायालयाला वाटले. परंतु खरे बळ सरकीच्या व्यवहारात आहे. त्या दिवसाचा बाजारभाव, कंपनीची बिले, गिरणीच्या खरेदीनोंदी समोर ठेवता आल्या, तर पैसा कोणाच्या खिशात गेला हे दिसते. नुसता रुसवा तेथे टिकत नाही.

तक्रार सिद्ध झाली, तर न्यायाधिकरण बहुधा थोरल्या पातीने धाकट्याचे भाग विकत घ्यावेत, असे सांगते. गैरमार्गाने मिळविलेला लाभ परत करविण्याचाही अधिकार त्याला आहे. मूल्यांकनाची तारीख कोणती धरायची, यावर मग सर्वांत चिवट वाद होतो: तंट्यापूर्वीची धरली तर किंमत एक, सरकी स्वस्तात गेल्यानंतरची धरली तर दुसरी.