स्क्रीनशॉटमध्ये न उतरलेली ताई

समजा, गावचं घर विकायचं की ठेवायचं यावर दोन भाऊ आणि बहीण यांच्यात बोलणं चाललं आहे. ताईने धाकट्याला व्हॉइस नोट पाठवली. त्याने ती मजकुरात उतरवून घेतली आणि स्क्रीनशॉट थोरल्याला पाठवला : ‘हो चालेल तुम्ही दोघांनी ठरवा माझं काही म्हणणं नाही.’ थोरल्याने वाचलं आणि ताईची संमती आली असं धरून चालला.

आता तीच नोट ऐका. ‘हो’नंतर दोन-अडीच सेकंद शांतता. मग पडलेल्या आवाजात ‘चालेल’. ‘तुम्ही दोघांनी’वर स्पष्ट जोर. ‘माझं काही’पाशी ती अडखळते, ‘अं’ म्हणते आणि उरलेलं घाईने संपवते. शब्द तेच आहेत, पण आपल्याला वगळून ठरतंय ही तिची खंत ऐकताना कळते.

यातली शांतता सर्वांत बोलकी आहे. समोरासमोरच्या बोलण्यात प्रश्न आणि उत्तर यांत सरासरी जेमतेम पाव सेकंद जातो, असं 10 भाषांच्या एका अभ्यासात 2009 मध्ये आढळलं. मनापासूनचा होकार पटकन येतो. नकार आणि नाराजी रेंगाळत येतात. मजकूर करणारं सॉफ्टवेअर मुख्यतः शब्द ओळखतं. ‘अं’, अडखळणं हे ते बहुधा गाळतं आणि शांततेचा फार तर स्वल्पविराम होतो.

जोराचंही तेच. ‘मी पैसे देणार नाही असं म्हटलं नव्हतं’ या वाक्यात ‘मी’वर जोर दिला तर ते दुसरं कोणीतरी म्हणालं होतं, ‘पैसे’वर दिला तर नाही म्हटलं होतं ते दुसऱ्याच कशाला. लिहिलेलं वाक्य मात्र एकच दिसतं.

हे लिहिताच येत नाही असं नाही. संभाषणाच्या अभ्यासक गेल जेफरसन यांनी त्यासाठी चिन्हांची पद्धत घडवली. तीत थांबा सेकंदाच्या दशांशात कंसात लिहितात, स्वराचा चढ-उतार बाणांनी दाखवतात. पण ते काम माणूस पुन्हापुन्हा ऐकून करतो.

अर्थात ऐकलेलंही नेहमी पुरेसं नसतं. ताई थांबली ती दाराची बेल वाजली म्हणूनही असेल. तिने रेकॉर्डिंग मध्येच थांबवून पुढे चालू केलं असेल, तर ती शांतता नोटमध्ये नसतेच. आणि दुप्पट वेगाने ऐकलं, तर अडीच सेकंदांचा थांबा सव्वा सेकंदाचा होतो.

वेळ, ठिकाण, रक्कम कळवायला मजकूर पुरतो. पण कुणाची संमती, माफी किंवा तक्रार पुढे न्यायची असेल, तर त्या माणसाला विचारून मूळ नोटच पाठवा, ती साध्या वेगाने ऐका आणि शंका आली तर सरळ फोन करा.