स्नायू वाढतो तेव्हा आत काय वाढतं?

जिममध्ये एक समज पक्का रुजलेला आहे. कमी रेप्स आणि जड वजन घेतलं की ‘खरा’ स्नायू बनतो, ताकद येते. हलकं वजन घेऊन बारा-पंधरा रेप्सचे सेट मारले की स्नायू नुसता फुगतो, आत पाणी भरतं. पहिल्याला मायोफायब्रिलर वाढ म्हणतात, दुसऱ्याला सार्कोप्लाझमिक. ही विभागणी व्यायामशास्त्राच्या पुस्तकांतूनच जिमपर्यंत आली. व्लादिमीर झात्सिओर्स्की यांच्या १९९५ सालच्या ताकद-प्रशिक्षणावरच्या प्रसिद्ध पुस्तकातही ती आहे. वेटलिफ्टरची वाढ पहिल्या प्रकारची आणि बॉडीबिल्डरची बरीचशी दुसऱ्या प्रकारची, अशी ती मांडणी. तिला प्रत्यक्ष मोजमापाचा आधार किती, हा प्रश्न मात्र गेल्या काही वर्षांतच नीट हाती घेतला गेला.

आधी तंतूची रचना पाहू. स्नायुतंतू म्हणजे एकच लांबलचक पेशी. तिची जाडी साधारण केसाएवढी, पण लांबी कित्येक सेंटिमीटर असू शकते. या पेशीच्या आत एकमेकांना समांतर असे शेकडो, कधी हजारांच्या घरात, बारीक दोरे असतात. तेच मायोफायब्रिल. प्रत्येकाची जाडी मिलिमीटरच्या सुमारे हजाराव्या भागाइतकी. त्यांत अ‍ॅक्टिन आणि मायोसिन ही दोन प्रथिनं रांगेनं बसलेली असतात आणि ती एकमेकांवर सरकली की स्नायू आकसतो. म्हणजे ताकद निर्माण करणारं यंत्र हेच. तंतूच्या आकारमानाचा ऐंशी ते पंच्याऐंशी टक्के भाग या दोऱ्यांनीच व्यापलेला असतो. उरलेल्या जागेतला द्रव म्हणजे सार्कोप्लाझम. त्यात पाणी, ग्लायकोजेन आणि साखरेपासून ऊर्जा बनवणारी एन्झाइम असतात. मायटोकॉन्ड्रिया आणि कॅल्शियम साठवणारं जाळंही याच उरलेल्या जागेत असतं.

आता थोडं गणित. एका तंतूच्या छेदाचं क्षेत्रफळ ४००० चौरस मायक्रोमीटर आहे आणि त्यातला ८५ टक्के भाग, म्हणजे ३४००, मायोफायब्रिलचा आहे असं धरू. व्यायामानं तंतू २० टक्के वाढून ४८०० झाला. सगळं प्रमाणात वाढलं असेल तर मायोफायब्रिल ४०८० होतील आणि त्यांचा वाटा ८५ टक्केच राहील. फक्त द्रव वाढला असेल तर मायोफायब्रिल ३४००वरच थांबतील आणि वाटा ७१ टक्क्यांवर येईल. सार्कोप्लाझमिक वाढ ओळखायची खूण हीच: तंतू मोठा झाला, पण त्यातल्या यंत्राची दाटी कमी झाली.

ही खूण शोधणारा सर्वांत गाजलेला प्रयोग अमेरिकेतल्या ऑबर्न विद्यापीठात मायकेल रॉबर्ट्स यांच्या प्रयोगशाळेत झाला आणि २०१९ साली प्रसिद्ध झाला. आधीपासून व्यायाम करणाऱ्या तीस तरुणांना सहा आठवडे खूप मोठ्या संख्येनं सेट करायला लावले. सुरुवातीला, तिसऱ्या आठवड्यात आणि सहाव्या आठवड्यात त्यांच्या मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूतून सुईनं छोटा तुकडा काढला. ज्यांचे तंतू खरोखर वाढले अशा पंधरा जणांचे नमुने पुढे बारकाईनं तपासले. त्यांचे तंतू सरासरी २३ टक्क्यांनी मोठे झाले होते. त्याच वेळी अ‍ॅक्टिन आणि मायोसिन यांची दाटी सुमारे ३० टक्क्यांनी घटलेली दिसली आणि साखर वापरणारी एन्झाइम वाढली होती. सार्कोप्लाझमिक वाढ असते, असं सांगणारा हा आजवरचा सर्वांत थेट पुरावा.

पण हेच आकडे जरा जुळवून पाहा. तंतू १.२३ पट झाला आणि दाटी ०.७ पट उरली, तर तंतूतलं एकूण मायोसिन ०.८६ पट होतं. म्हणजे सहा आठवडे कसून व्यायाम केलेल्या माणसाच्या तंतूतलं ताकदीचं प्रथिन चौदा टक्क्यांनी कमी झालं, असा हिशेब निघतो. निव्वळ द्रव मिसळल्यामुळे दाटी कमी झाली असती, तर घट १९ टक्क्यांच्या आसपास थांबायला हवी होती. त्यामुळे तीस टक्क्यांचा आकडा शब्दशः घेता येत नाही. संख्याशास्त्राच्या कसोटीवरही हा निकाल उंबरठ्यावरच होता. शिवाय जिमच्या समजाप्रमाणे वाढायला हवं होतं ते ग्लायकोजेन या तरुणांत वाढलंच नाही.

मोजमापाची अडचण खरी आहे. मांडीच्या या स्नायूत लाखो तंतू असतात आणि सुईत येतात त्यातले फार थोडे. शेजारच्या दोन जागांचे नमुने काढले तरी तंतूंचा सरासरी आकार सारखा येत नाही. दुसरी अडचण सुजेची. सवयीपेक्षा जास्त व्यायाम झाला की स्नायूत काही दिवस पाणी साचतं. त्या काळात माप घेतलं तर ती वाढ सार्कोप्लाझमिक वाटू शकते. म्हणूनच ऑबर्नच्या गटानं सात जणांचे नमुने आठ दिवसांच्या विश्रांतीनंतर पुन्हा घेतले. तेव्हाही द्रवातल्या प्रथिनांची पातळी सुरुवातीपेक्षा चढीच होती, त्यामुळे सगळा दोष सुजेवर टाकता येत नाही.

दुसऱ्या बाजूचा पुरावा थेट दोऱ्यांची मोजणी करून मिळाला. मायोफायब्रिल जाड होतात की त्यांची संख्या वाढते, हा जुना प्रश्न. जेफ्री गोल्डस्पिंक यांनी वाढत्या उंदरांच्या स्नायूंत पाहिलं होतं, की दोरा ठराविक जाडीपलीकडे गेला की लांबीत चिरतो आणि एकाचे दोन होतात. व्यायामानं वाढणाऱ्या स्नायूचं चित्र मात्र अस्पष्ट होतं, कारण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हजारो दोरे मोजणं अतिशय किचकट. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या ट्रॉय हॉर्नबर्गर यांच्या गटानं चमकत्या रंगद्रव्यांनी दोऱ्यांच्या कडा उठून दिसतील आणि संगणकानं ते मोजता येतील अशी पद्धत तयार केली. तिचा निष्कर्ष असा, की भार वाढवल्यावर उंदरात आणि माणसात तंतू रुंदावतो तो मुख्यतः नवे मायोफायब्रिल तयार झाल्यामुळे. दोऱ्यांच्या जाडीचा त्यातला वाटा थोडा.

हे दोन्ही निष्कर्ष जुळवायचे तर काळाचा विचार करावा लागतो. एक शक्यता अशी, की व्यायामाचं प्रमाण एकदम वाढतं तेव्हा द्रव आणि एन्झाइम आधी वाढतात, आणि यंत्राची बांधणी मागून येऊन प्रमाण पुन्हा जुळवते. संशोधक ती गांभीर्यानं मांडतात, पण ती अजून सिद्ध झालेली नाही. जे दिसलं आहे ते अतिशय जास्त सेटच्या थोड्या आठवड्यांत दिसलं आहे. वर्षानुवर्षांची वाढ द्रवाच्या जोरावर होते, असं दाखवणारा भक्कम पुरावा नाही.

मग जड वजनानं ताकद जास्त का येते? त्याचं बरंचसं उत्तर मज्जासंस्थेत आहे. जड वजन उचलायचा सराव केला की मेंदू एका वेळी जास्त तंतूंना कामाला लावायला शिकतो आणि हालचाल सफाईदार होते. बारा रेप्स करणाऱ्याला हा सराव मिळत नाही. त्याची ताकद कमी दिसते म्हणून त्याच्या स्नायूत पाणीच आहे, असं ठरत नाही.

म्हणून ‘सार्कोप्लाझमसाठी’ एक आणि ‘मायोफायब्रिलसाठी’ दुसरं असं वेळापत्रक कुणी विकत असेल, तर त्यामागे शास्त्र नाही हे लक्षात ठेवा. आपल्याला जड वजन उचलायचं असेल तर जड वजनाचा सराव करा. फक्त स्नायू वाढवायचा असेल तर हलकं किंवा जड, कुठलंही वजन चालेल. सेट थकव्याच्या जवळ न्या आणि आठवड्यामागून आठवडे भार वाढवत राहा.