उरलेले सहा आणे

जुन्या फेरफारांमध्ये वारसांचे वाटे रुपया-आणे-पैत लिहिलेले सापडतात. अख्खी मालमत्ता म्हणजे सोळा आणे, आणि मग कुणाचे चार, कुणाचे दोन. रुपयातला आणा केव्हाच गेला, पण मुसलमान घरातला वारसा समजून घ्यायला त्याच्याइतकं सोयीचं माप नाही. निदान ज्या घराबद्दल इथे बोलायचं आहे, तिथला हिशेब आण्यांत फार नेटका बसतो.

समजा, रत्नागिरीकडचे एक गृहस्थ वारले. आईवडील आधीच गेलेले, मुलगा नाही. मागे बायको, एक मुलगी, एक सख्खा भाऊ आणि दोन सख्ख्या बहिणी. घर पंचवीस लाखांचं, बँकेत दहा लाख. शेतजमीन मी मुद्दाम धरलेली नाही. मुसलमानांना शरियत लागू करणाऱ्या 1937 च्या कायद्यानं शेतजमीन बाजूला ठेवली आहे, आणि तिचं काय होतं ते त्या त्या ठिकाणचे कायदे व रूढी पाहून ठरवावं लागतं.

चाळिसाव्यालाच वाट्यांचं बोलणं निघतं, पण वाट्यांच्या आधी वजाबाकी करायची असते. कफन-दफनाचा खर्च वीस हजार. पतपेढीचं कर्ज एक लाख ऐंशी हजार. बायकोचा मेहर पन्नास हजार ठरला होता आणि तो कधी दिलाच नव्हता. हा मेहर म्हणजे नवऱ्यावरचं कर्जच आहे. बाई तो धनको म्हणून घेते, वारस म्हणून मिळणारा वाटा त्यावर वेगळा. शिवाय मदरशाला पन्नास हजार द्यावेत, अशी गृहस्थांनी वसीयत केली होती. कर्ज फिटल्यावर जे राहतं त्याच्या एक तृतीयांशापर्यंत वसीयत चालते, तेव्हा हीही चालली. पस्तीस लाखांतून असे तीन लाख गेले. हातात राहिले बत्तीस लाख, आणि खरे सोळा आणे हेच.

आता वाटे. कुराणाच्या चौथ्या सूरेत काही नातेवाइकांचे हिस्से ठरवून दिले आहेत. मूल नसेल तर बायकोला पाव, मूल असेल तर अष्टमांश. इथे मुलगी आहे, म्हणून बायकोचे दोन आणे. एकुलती एक मुलगी असेल आणि मुलगा नसेल तर तिला निम्मं, म्हणजे आठ आणे. झाले दहा. उरले सहा.

या सहा आण्यांचं काय, हाच या घरातला प्रश्न. ठरलेला हिस्सा घेणारे वारस एका बाजूला, आणि त्यांचं देऊन जे उरेल ते घेणारे दुसऱ्या बाजूला. या दुसऱ्यांना ‘असबा’ म्हणतात. असब्यांना ठरलेला आकडा नसतो. उरलं तर सगळं त्यांचं, नाही उरलं तर हात रिकामे. मुलगा असता तर तोच पहिला असबा, आणि त्याच्यापुढे काका-आत्यांना कवडी मिळाली नसती. मुलीला आपला हिस्सा मिळतो, पण मुलासारखं मागचं दार लावून घेता येत नाही. वडीलही नाहीत, म्हणून पाळी सख्ख्या भावाची येते. त्याच्यासोबत त्याच्या सख्ख्या बहिणीही असबा होतात, आणि त्यांच्यात भावाला दोन तर बहिणीला एक, अशी वाटणी होते. दोन, एक, एक असे चार भाग पडतात आणि दर भाग दीड आण्याचा. भावाला तीन आणे, दोघी बहिणींना दीड-दीड आणा.

रुपयांत सांगायचं तर बायकोला चार लाख, मुलीला सोळा लाख, भावाला सहा लाख, बहिणींना तीन-तीन लाख. बेरीज बत्तीस. कोकणी मुसलमान बहुतेक शाफिई आणि घाटावरचे बरेचसे हनफी, पण या घरापुरता दोन्हीकडे हिशेब हाच.

‘पुरुषाला बाईच्या दुप्पट’ हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. कुणी भावाला मुलीच्या दुप्पट देऊ पाहतं. दुपटीचा नियम मुलगा-मुलीत किंवा भावाबहिणीत, म्हणजे एका पायरीवरच्या वारसांत चालतो. मुलगी आणि चुलता एका पायरीवर नाहीत. इथे मुलीचे आठ आणे चुलत्याच्या तीन आण्यांच्या अडीचपटीहून जास्त आहेत.

दुसरी चूक जरा शिकलेल्यांची. याच सूरेच्या शेवटच्या आयतीत दोन बहिणींना दोन तृतीयांश सांगितले आहेत, मग ते का द्यायचे नाहीत, असं ते विचारतात. दिले तर बेरीज सोळा आण्यांवर जाते, आणि गडबड झाल्याची खूण हीच. तो हिस्सा मरणाऱ्याला मूल नसेल तेव्हाचा आहे. मुलगी असली की बहिणींचा ठरलेला हिस्सा सुटतो आणि त्या उरलेल्यात येतात.

हे सहा आणे पूर्वीच्या अरबी रिवाजात भावापाशी कसे यायचे, याची एक गोष्ट हदीसच्या ग्रंथांत आहे. मदिनेचे साद इब्न रबी 625 साली उहुदच्या लढाईत पडले. मागे बायको आणि दोन मुली. सादच्या भावानं जुन्या रिवाजाप्रमाणे सगळंच उचललं. बाई मुलींना घेऊन पैगंबरांकडे गेली. वारशाची आयत आल्यावर त्यांनी भावाला बोलावून सांगितलं, की मुलींना दोन तृतीयांश दे, त्यांच्या आईला अष्टमांश दे, राहील ते तुझं. आपल्या मापात मुलींचे दहा आणे आठ पै, आईचे दोन आणे, भावाचे तीन आणे चार पै. मला ही गोष्ट दोन्ही बाजूंनी महत्त्वाची वाटते. सोळा आण्यांवर बसलेला भाऊ साडेतीन आण्यांच्याही खाली आला, पण बाहेर मात्र गेला नाही.

बहिणीचं पाऊल त्या उरलेल्यात कसं पडलं, ही आणखी मजेची बाब. असबा म्हटला की मूळ चित्र बापाकडच्या पुरुषाचं. आपल्या घरात भाऊ जिवंत आहे, म्हणून बहिणी त्याच्या जोडीनं आत येतात. पण भाऊ नसता तर? मुलगी आणि बहीण, दोघी बायकाच. इब्न अब्बास यांचं मत होतं की ‘मूल’ म्हटल्यावर त्यात मुलगीही आली, तेव्हा तिच्यासमोर बहिणीला काही नाही. इब्न मसूद यांनी मात्र मुलीचा, मुलाच्या मुलीचा आणि बहिणीचा खटला आला तेव्हा त्या दोघींचे हिस्से देऊन बाकीचं बहिणीला दिलं. सुन्नी कायद्यात हेच टिकलं. म्हणून आपल्या घरात भाऊ नसता तर सहा आणे दोघी बहिणींत तीन-तीन असे गेले असते. भाऊ असला की बहिणीचा वाटा निम्म्यावर येतो.

त्या सहा आण्यांकडे हात पसरणारे आणखीही असतात. सावत्र भाऊ, म्हणजे बाप एक पण आई वेगळी, हा सख्ख्यासमोर बाद. आई एक आणि बाप वेगळा असलेली भावंडं तर मुलगी आहे म्हटल्यावरच बाद. आधीच वारलेल्या भावाचे मुलगे ‘आमच्या बापाचा वाटा’ म्हणून येतात, पण सख्खा भाऊ हयात असताना पुतण्यांना काही नाही. याच्या उलट, भाऊ या गृहस्थांच्या पश्चात, पण वाटणीच्या आधी वारला असेल, तर त्याचे तीन आणे त्याच्या वारसांचे झाले. कारण वाटा मरणाच्या क्षणी लागू होतो, वाटणीच्या दिवशी नव्हे. वारस नोंद दहा-दहा वर्षं रखडलेल्या घरांत म्हणूनच कोण आधी गेलं याच्या तारखा आधी मागाव्या लागतात. बँकेतल्या नॉमिनीचंही तसंच. त्याचं नाव पैसे उचलण्यापुरतं, वाटे बदलायला नाही.

हेच घर शिया असतं तर भावाबहिणींना एक पैही मिळाली नसती. शिया कायदा ‘मूल’ या शब्दात मुलगी धरतो, आणि मूल असताना भावंडांची पायरी उघडतच नाही. बायकोचे दोन आणे, आणि मुलीला आठ हिश्शाचे व सहा परत फिरून आलेले, असे चौदा. मुलगा किंवा मुलगी, एका शब्दाच्या अर्थावर सहा आणे इकडचे तिकडे होतात.

आणि घर बांद्याच्या पलीकडे, गोव्यात असतं तर? तिथे मुसलमानालाही पोर्तुगीज काळापासूनचा समान नागरी कायदा लागू आहे. सर्वसाधारण लग्नात मालमत्ता नवराबायकोची सामाईक, त्यामुळे निम्मं बायकोचं आधीपासूनच. नवऱ्याच्या निम्म्याची वारस मुलगी. भावंडं इथेही बाहेर.

सुन्नी बापांना हा फरक टोचतो तो फक्त मुलीच असलेल्या घरात. केरळमधले वकील आणि अभिनेते सी. शुक्कूर यांना तीन मुली. त्यांनी 8 मार्च 2023 रोजी कासरगोड जिल्ह्यात आपल्याच बायकोशी विशेष विवाह कायद्याखाली पुन्हा लग्न केलं. तसं केल्यावर वारसा 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने चालतो. त्यात विधवेला एक तृतीयांश, बाकी मुलांना सारखं, आणि भावंडांची पाळी येत नाही. ट्युनिशियानं तर 1959 मध्ये कायद्यातच बदल केला आणि मुलीसमोर भाऊ-चुलत्यांना उरलेल्यातून वगळलं.

वसीयतीनं हे साधत नाही. मुलगी स्वतः वारस आहे, आणि एका वारसाला वसीयतीनं जास्त द्यायचं तर मरणानंतर इतर वारसांची संमती लागते, म्हणजे त्याच भावाबहिणींची. राहतो तो हिबा, हयातीतली बक्षिसी. त्याला तीन गोष्टी लागतात. देणाऱ्यानं दिलं म्हणणं, घेणारीनं घेतलं म्हणणं, आणि प्रत्यक्ष ताबा. पहिल्या दोन कागदावर सहज होतात. तिसरीशीच गाडी अडते. बाप सज्ञान मुलीच्या नावे भाड्याचं घर हिबा करतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, आणि भाडं मात्र शेवटपर्यंत स्वतःच्या खात्यात, स्वतःसाठी घेत राहतो. मग त्याच्या पश्चात भाऊ कोर्टात भाडेकरूच्या पावत्या ठेवतो. ताबा दिलाच नव्हता असं ठरलं, की ते घर पुन्हा सोळा आण्यांत येऊन पडतं, आणि त्यातले सहा आणे भावाबहिणींचे.