बिल निघालं, पैसे कधी?

भोसरीतला एक छोटा मशीन शॉप घ्या. नाव-गाव काल्पनिक, पण हिशेब रोजचाच. १ ऑक्टोबरला बँकेत २ लाख रुपये आहेत आणि ७ तारखेला २ लाख ४० हजारांचे पगार द्यायचे आहेत. बिलांवरच्या देय तारखा पाहिल्या तर काळजीचं कारण नाही: पंप बनवणाऱ्या गिऱ्हाइकाचे अडीच लाख ३ तारखेला येणार, मोठ्या कंपनीचे ६ लाख ४ तारखेला. पगाराच्या दिवशी खात्यात साडेदहा लाख!

पण देय तारखेला पैसे देतं कोण?

म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाची सवय मोजायची. मागची पाच-दहा बिलं काढून देय तारखेनंतर किती दिवसांनी पैसे जमा झाले, ते लिहायचं. पंपवाल्याचा उशीर निघाला ५, ६, ४, ४१ आणि ७ दिवस. सरासरी साडेबारा दिवसांच्या वर जाते, पण तेवढा उशीर त्याने कधी केलेलाच नाही. मालाच्या तक्रारीवरून अडकलेल्या एका बिलाने ती फुगवली. असा उशीर चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घ्यावा, म्हणजे ६. त्याचे पैसे ९ तारखेला धरायचे. मोठी कंपनी ठरावीक १२ दिवस लावते, म्हणजे १६ तारीख. आता ७ तारखेचं चित्र वेगळं दिसतं: हातात फक्त २ लाख, पगाराला ४० हजार कमी. हे १ तारखेलाच कळलं, तर ओव्हरड्राफ्टची सोय करायला सहा दिवस मिळतात.

खरी फसगत तिसऱ्या गिऱ्हाइकात असते. एका वितरकाकडे १ लाख ८० हजार अडकलेत. देय तारीख २४ ऑगस्ट, नेहमीचा उशीर २५ दिवस. गणित सांगतं १८ सप्टेंबर, आणि ती तारीख तर उलटून गेली. एक्सेलची शीट मात्र ते पैसे आल्यासारखे बेरजेत धरून मोकळी होते. शिवाय हे २५ दिवस फक्त फिटलेल्या बिलांवरून काढलेले. न फिटलेलं बिल त्यात मोजलेलंच नाही. अशी रक्कम अंदाजातून काढून वेगळ्या यादीत टाकावी आणि फोन करून तारीख मागावी. तारीख मिळेपर्यंत ती शून्यच.

या सगळ्याला एक पूर्वअट आहे. टॅलीत पैसे जमा करताना कोणत्या बिलापोटी आले ते नोंदवलं पाहिजे. ‘ऑन अकाउंट’ टाकून दिलं की कुठलं बिल किती दिवसांनी फिटलं, हे मागाहून शोधणं म्हणजे डोकेदुखी.

आणि हा अंदाज साधारण दीड-दोन महिनेच पुरतो. त्यापुढच्या तारखांची बिलं अजून निघालेलीच नसतात. तिथे हातातल्या ऑर्डरींवरून वेगळा अंदाज बांधावा लागतो.