खिडकी सोळा फुटांची, काच किती?

घराच्या खिडक्या बदलायच्या ठरल्या की कोटेशनमध्ये एक सरळ हिशोब समोर येतो. चार फूट बाय चार फुटांची खिडकी म्हणजे १६ चौरस फूट. अशा ३ खिडक्या म्हणजे ४८ चौरस फूट. काचेची बाजारात सर्रास मिळणारी एक शीट ८ फूट बाय ६ फुटांची, म्हणजे तीही बरोबर ४८ चौरस फुटांची असते. तेव्हा ३ खिडक्यांना एक शीट लागणार आणि वाया काहीच जाणार नाही, असे कागदावर दिसते. एक शीट लागते हे खरे आहे. बाकीचा हिशोब मात्र चुकीचा आहे आणि त्या चुकीचे पैसे गिऱ्हाईक भरतो.

पहिली गोष्ट अशी की खिडकीचे माप म्हणजे काचेचे माप नव्हे. अॅल्युमिनियमची दोन पल्ल्यांची सरकती खिडकी घ्या. बाहेरच्या चौकटीची जाडी दोन्ही बाजूंनी जागा खाते. वर आणि खाली ट्रॅक असतो. प्रत्येक पल्ल्याला स्वतःच्या चार पट्ट्या असतात आणि मधोमध, जिथे दोन पल्ले एकमेकांत अडकतात, तिथे इंटरलॉकची पट्टी असते. हे सगळे वजा केल्यावर ४८ इंच बाय ४८ इंच चौकटीत एका पल्ल्यातून उघडी दिसणारी काच उरते ती समजा साडेवीस इंच रुंद आणि ४१ इंच उंच.

पण कापायची काच दिसणाऱ्या काचेपेक्षा मोठी लागते, कारण तिच्या कडा पल्ल्याच्या खाचेत शिरतात. आपल्या उदाहरणात खाच अर्धा इंच, म्हणजे ४ सूत खोल आहे. (एका इंचात ८ सूत, एक सूत ३ मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त.) काच खाचेच्या तळाला टेकवायची नसते. प्रत्येक बाजूला एक सूत मोकळी सोडतात, म्हणजे काच ३ सूत आत जाते. दोन बाजू मिळून ६ सूत, म्हणजे पाऊण इंच. तेव्हा काचेचे माप झाले सव्वाएकवीस इंच बाय पावणेबेचाळीस इंच.

ती एका सुताची मोकळीक हा निष्काळजीपणा नाही. पल्ल्याचे कोपरे अगदी काटकोनात क्वचितच असतात, कापलेल्या काचेची कडही सगळीकडे तंतोतंत सरळ नसते आणि काच व धातू यांचा थेट स्पर्श टाळायचा असतो. काच एक सूत जास्त निघाली, तर पल्ल्याचे स्क्रू आवळताना कोपरे नीट मिटत नाहीत. ते जबरदस्तीने मिटवले, तर काही दिवसांनी काठापासून तडा सुरू होतो. दोन-तीन सूत कमी निघाली, तर रबराची पकड सुटते, वाऱ्यात पल्ला खडखडतो आणि पावसाळ्यात पाणी आत झिरपते. म्हणून चांगला फॅब्रिकेटर रुंदी आणि उंची प्रत्येकी तीन ठिकाणी मोजतो, सर्वांत लहान आकडा धरतो आणि दोन्ही कर्ण मोजून चौकट तिरपी नाही ना, हे पाहतो. प्रत्येक सेक्शनसाठी किती इंच वजा करायचे, याची यादी त्याच्याकडे असते. सेक्शन बदलला की ती यादी बदलते. शेजाऱ्याच्या चार फुटी खिडकीचे काचेचे माप तुमच्या चार फुटी खिडकीला चालेलच, असे नाही.

आता क्षेत्रफळ काढू. २१.२५ गुणिले ४१.७५ म्हणजे सुमारे ८८७ चौरस इंच. १४४ ने भागले की ६.१६ चौरस फूट. एका खिडकीत असे दोन पल्ले, म्हणजे १२.३२ चौरस फूट काच. कोटेशनमधल्या १६ फुटांपैकी पावणेचार फुटांच्या आसपास जागा अॅल्युमिनियमची आहे. तिन्ही खिडक्यांच्या ६ पल्ल्यांना मिळून ३७ चौरस फूट काच लागते.

शीट ४८ फुटांची, काच ३७ फुटांची. उरलेले ११ फूट, म्हणजे शीटचे २३ टक्के, कुठे जातात?

लाकूड करवतीने कापताना प्रत्येक कापाला भुसा होऊन थोडे लाकूड जाते. काचेचे तसे नाही. हिरकणीने किंवा चाकाच्या कटरने, रॉकेलचा हात फिरवून, काचेवर फक्त एक रेघ ओढतात आणि त्या रेघेवर काच मोडतात. कापामध्ये काच अजिबात जात नाही. पण मोडायची म्हणजे ती एका काठापासून समोरच्या काठापर्यंत सलग मोडावी लागते. मध्येच थांबून काटकोनात वळता येत नाही. काचेचे वेस्टेज या एका अटीतून जन्माला येते. तुकडे शीटवर कसेही मांडून चालत नाही, ते सलग कापांनी सुटे होतील असेच मांडावे लागतात.

आपली शीट ७२ इंच रुंद आणि ९६ इंच लांब आहे. रुंदीत २१.२५ चे तीन तुकडे बसतात, ते घेतात ६३.७५ इंच. लांबीत ४१.७५ चे दोन बसतात, ते घेतात ८३.५ इंच. म्हणजे सहाही काचा एका शीटमधून निघाल्या. कापणारा पहिला काप शीटच्या पूर्ण लांबीत देतो आणि ८.२५ इंच रुंदीची ९६ इंच लांब पट्टी वेगळी करतो. दुसऱ्या कापाने खालून साडेबारा इंच रुंद आणि ६३.७५ इंच लांब पट्टी सुटते. उरलेल्या भागाचे दोन आणि मग प्रत्येकाचे तीन तुकडे होतात. ११ फूट जे उरले, ते या दोन पट्ट्यांच्या रूपात.

या पट्ट्या वाया गेल्या की नाही, हे त्या घरात आणखी काय बसवायचे आहे यावर ठरते. स्वयंपाकघराच्या झरोक्याला त्याच जाडीच्या साध्या काचेचे लूव्हर असतील, ६ इंच बाय १८ इंचांचे, तर लांब पट्टीतून ५ आणि आखूड रुंद पट्टीतून ६, अशा ११ पट्ट्या निघतात. त्यांचे क्षेत्रफळ सव्वाआठ चौरस फूट. आता खरोखर वाया गेली ती पावणेतीन फूट काच, म्हणजे ६ टक्क्यांच्या आत. त्याच शीटचे वेस्टेज २३ वरून ६ वर आले, ते केवळ सगळी मापे एकदम मांडून पाहिल्यामुळे. झरोका न्हाणीघराचा असता, तर हा मेळ बसला नसता, कारण तिथे साधी नव्हे, पिनहेड काच लागते. तसेच खिडकीला उभ्या रेषांची काच निवडली, तर कोणताही तुकडा आडवा फिरवून बसवता येत नाही आणि मांडणीचे पर्याय निम्मे होतात.

वेस्टेजचा आकडा मापाबरोबर हळूहळू वाढत नाही, तो एकदम उडी घेतो, आणि हे मला या सगळ्या हिशोबातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. काच पावणेचोवीस इंच रुंद असेल, तर ७२ इंचांत तीन बसतात, शीटमधून सहा काचा निघतात आणि १४ टक्के उरते. तीच काच सव्वाचोवीस इंच झाली, तर तीन बसत नाहीत. सरळ मांडणीत चारच निघतात. काही उभ्या, काही आडव्या अशा फिरवून पाच निघतात, सहावी कशीच निघत नाही. उरते ते २७ टक्के, शिवाय सहाव्या काचेसाठी दुसरी शीट फोडावी लागते. फरक अर्ध्या इंचाचा. म्हणून 'काचेत दहा टक्के वेस्टेज जातेच' हे वाक्य मान्य करू नये. ते कधी ६ असते, कधी २७, आणि ते नकाशा काढल्याशिवाय सांगता येत नाही. खिडकीची चौकट अजून बनलेली नसेल, तर पल्ल्याची रुंदी अर्ध्या इंचाने कमी करता येते का, हे त्याच वेळी विचारावे.

आता बिलाकडे येऊ. अनेक दुकानांत काचेची प्रत्येक बाजू पुढच्या ३ इंचांच्या, काही ठिकाणी ६ इंचांच्या पटीत धरून बिल करतात. आपली २१.२५ ची बाजू २४ धरली जाते, ४१.७५ ची ४२. एका काचेचे बिल ६.१६ ऐवजी ७ चौरस फुटांचे, सहा काचांचे ४२ फुटांचे. यात गैर काही नाही. दुकानदार पूर्ण शीट फोडतो, उरलेल्या पट्ट्या त्याच्याकडे पडून राहतात, काही फुटतात. मापे वाढवून धरणे म्हणजे त्या वेस्टेजची भरपाईच आहे.

खटकते ते पुढचे. या ४२ फुटांवर काही बिलांत वेगळी ओळ असते: वेस्टेज १० टक्के. दर हिशोबापुरता चौरस फुटाला १०० रुपये धरू. खऱ्या काचेची किंमत ३,७०० रुपये, वाढीव मापाने ४,२००, त्यावर दहा टक्के लावले की ४,६२०. एकाच वेस्टेजचे पैसे दोनदा गेले. लूव्हरच्या ११ पट्ट्याही त्याच दुकानातून घेतल्या, तर त्यांचे सव्वाआठ फूट मिळून बिल ५०.२५ फुटांचे होते. म्हणजे ४८ फुटांच्या एका शीटमधून ५०.२५ फूट काच विकली गेली. त्यावर पुन्हा दहा टक्के लावले, तर रक्कम साडेपाच हजारांवर जाते, आणि अख्खी शीट मात्र ४,८०० ची आहे.

टफन केलेल्या काचेचा नियम वेगळा आहे. ती आधी मापात कापून, कडा घासून मग भट्टीत ६०० अंशांच्या वर तापवतात आणि झटकन थंड करतात. त्यानंतर तिला कटर लावता येत नाही. लावला तर तिचे बारीक तुकडे होतात. एका सुताची चूक झाली, तरी ती काच पूर्ण वाया जाते. म्हणून टफन काचेची ऑर्डर चौकट आणि पल्ले तयार झाल्यावर, प्रत्यक्ष मापावरूनच द्यावी.

साध्या काचेची ऑर्डर देताना फॅब्रिकेटरकडून प्रत्येक काचेचे माप इंच-सुतात लिहून घ्या आणि शीटवर ती कशी बसतात, याचे चित्र कागदावर काढून मागा. दोन आयतांचे ते चित्र काढायला दहा मिनिटे लागत नाहीत. मग बिल तीनपैकी एकाच पद्धतीने ठरवा: खरे माप अधिक ठरलेले वेस्टेज, किंवा वाढवून धरलेले माप, किंवा पूर्ण शीट अधिक कापण्याची मजुरी. पूर्ण शीटचे पैसे दिले असतील, तर उरलेल्या पट्ट्या तुमच्या आहेत. त्या घरी घेऊन या.